पहिला हप्ता यायच्या आधीच पंचवीस हप्ते थकीत

कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेचं कर्जखात्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये संस्थेने घरकर्जाची मुदत दहा वर्षांवरून पंधरा केली. कळंब्याच्या एका शिक्षकांना त्या योजनेतलं पहिलं कर्ज मिळालं. दर महिन्याच्या १० तारखेला हप्ता, पहिला १० मार्च २०२५ रोजी, एकूण १८० हप्ते. कर्ज दिलं त्या संध्याकाळी दिवसअखेर झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरांचा फोन आला, "अहो, काल चेक दिलाय आणि आज पंचवीस हप्ते थकीत दाखवतंय. दंडव्याजाचा आकडा तर बघवत नाही. हे कर्ज एनपीएत जाणार की काय?"

मी परतफेडीचा तक्ता छापून घेतला. १५५ वा हप्ता १० जानेवारी २०३८ चा, तिथपर्यंत सगळं नीट. त्याखालच्या ओळी अशा:

```
155   10-01-2038
156   04-01-1902
157   01-02-1902
```

१५६ पासून १८० पर्यंत पंचवीस हप्ते होतात, म्हणजे थकबाकीचा आकडा जुळला. देय तारीख आजच्या आधीची असेल आणि पैसे आलेले नसतील तर हप्ता थकीत, असा साधा नियम प्रोग्रॅममध्ये आहे. १९०२ ची तारीख पाहून त्याने १२३ वर्षांचं दंडव्याज लावलं. नियम चोख होता, त्याला मिळालेली तारीख चुकीची होती.

जानेवारी आणि फेब्रुवारी २०३८ च्या मध्ये काय येतं, ते या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. लिनक्ससारख्या प्रणालीवर संगणक वेळ मोजतो ती १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून (जागतिक वेळेनुसार) गेलेल्या सेकंदांत. हा आकडा चार बाइटमध्ये, म्हणजे ३२ बिटमध्ये ठेवला, तर त्यातला एक बिट अधिक-उणे सांगण्यात जातो. उरलेल्या ३१ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा २१४७४८३६४७. दिवसाचे ८६४०० सेकंद धरून भाग दिला की २४८५५ दिवस येतात आणि ११६४७ सेकंद उरतात. हे उरलेले सेकंद म्हणजे ३ तास १४ मिनिटं ७ सेकंद, आणि १ जानेवारी १९७० नंतर २४८५५ दिवसांनी येतो १९ जानेवारी २०३८, मंगळवार. आपल्या घड्याळात साडेपाच तास मिळवले की सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. पुढच्या सेकंदाला तो अधिक-उण्याचा बिट उलटतो, आकडा उणे २१४७४८३६४८ होतो आणि तारीख थेट १३ डिसेंबर १९०१ वर जाते. हे कुठल्याही लिनक्स मशीनवर पाहता येतं:

```
date -u -d @2147483647 '+%F %T'
2038-01-19 03:14:07
date -u -d @-2147483648 '+%F %T'
1901-12-13 20:45:52
```

हप्त्याची वेळ आमच्याकडे त्या दिवशीच्या मध्यरात्रीची धरतात. त्यामुळे १९ जानेवारीचा हप्ता बचावला असता, २० चा गेला असता. शिक्षकांचा दहा तारखेचा हप्ता फेब्रुवारीत पहिल्यांदा हद्दीपलीकडे गेला.

मॅनेजर म्हणाले, "पण गेल्या साली तुम्हीच सांगून नवीन सर्व्हर घेतला ना? तो ६४ बिटचा म्हणाला होता." त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि नेमका इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. सर्व्हर ६४ बिटचाच आहे, त्याच्यावर वेळेचा हिशोबही ६४ बिटांतच होतो. पण वीसेक वर्षांपूर्वी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये हप्त्याच्या नोंदीत तारखेला जागा चारच बाइटची आहे:

```c
struct hapta {
    int kramank;
    int tarikh;
    int rakkam;
};
h.tarikh = mktime(&t);
```

`mktime` बरोबर आकडा देतं. तो `tarikh` मध्ये टाकताना वरचे ३२ बिट गळून पडतात आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. कंपायलरला `-Wall` दिलं तरी तो गप्पच राहतो, `-Wconversion` दिलं तेव्हाच बोलतो. मी तसं केल्यावर इशाऱ्यांची लांबलचक यादी आली. ती एकेक करून तपासण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला, पण त्याला आडवाट नाही.

माझ्या सहकाऱ्याने सुचवलं की `int` च्या जागी `unsigned int` करूया, म्हणजे फेब्रुवारी २१०६ पर्यंत चिंता नाही आणि नोंदीची लांबीही बदलत नाही. हप्त्यांपुरतं ते चाललं असतं. पण सभासदांच्या जन्मतारखाही त्याच पद्धतीने साठवल्या आहेत, आणि १९७० पूर्वी जन्मलेल्या प्रत्येक सभासदाचा आकडा उणेच आहे, तो बरोबरही आहे. १५ ऑगस्ट १९५८ ला जन्मलेले आजोबा त्या बदलानंतर सप्टेंबर २०९४ मध्ये जन्माला आले असते आणि ज्येष्ठ नागरिकांच्या जादा व्याजदरातून बाहेर पडले असते.

माझं स्पष्ट मत असं झालं की हप्त्याची तारीख सेकंदांत ठेवायचं कारणच नाही. हप्ता १० तारखेला असतो, त्या तारखेच्या अमुक सेकंदाला नसतो. म्हणून वर्ष, महिना, दिवस जोडून एकच आकडा ठेवला: `20380210`. हा आकडा दोन कोटींच्या आसपास, चार बाइटमध्ये आरामात मावतो, आणि नंतरची तारीख नेहमी मोठा आकडा असल्याने तुलनाही सरळ होते. खरी वेळ लागते ती व्यवहार कधी नोंदला यासाठी, तिथे मात्र ६४ बिटची जागा केली.

मग जुन्या नोंदी बदलायच्या होत्या. हप्त्यांच्या फाइलमध्ये १९७० पूर्वीची तारीख असूच शकत नाही. तेव्हा तिथे उणे आकडा दिसला की त्यात ४२९४९६७२९६ मिळवायचे, की मूळ सेकंद परत मिळतात. १५६ व्या हप्त्याचा उणे २१४५६१४२९६ हा आकडा असा २१४९३५३००० झाला, म्हणजे बरोबर १० फेब्रुवारी २०३८ ची आपली मध्यरात्र. सभासदांच्या फाइलमध्ये उणे आकडा आहे तसाच वाचून बदलायचा. दोन्ही फाइलींना एकच नियम लावला असता तर एक सुधारताना दुसरी बिघडली असती. चाचणीला वेगळ्या मशीनवर घड्याळ १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ वर लावलं, सेकंद उलटू दिले आणि मग दिवसअखेर चालवली. १५६ व्या हप्त्यापासून पुढची थकबाकी शून्य आली. शिक्षकांच्या खात्यावरचं दंडव्याज संस्थेने उलट नोंद करून काढून टाकलं.

नंतर एका शाखेतून फोन आला की सगळ्याच कर्जांचे सगळे हप्ते ऑगस्ट १९७० चे दिसताहेत. ऐकताक्षणी कारण कळलं, कारण `20380210` ला सेकंद समजून वाचलं तर आपल्या वेळेनुसार २५ ऑगस्ट १९७० येतो आणि गेल्या किंवा येत्या पंधरा-वीस वर्षांतली कुठलीही तारीख त्याच महिन्यात पडते. फाइल नवी होती, काउंटरवरच्या एका मशीनवर प्रोग्रॅम जुनाच राहिला होता. तो बदलला आणि फाइलीच्या सुरुवातीला आवृत्तीचा क्रमांक घातला. आता जुना बॅकअप चढवला, तर नवा प्रोग्रॅम ती फाइल आधी रूपांतर करून मगच उघडतो.