आमची वाटचाल : चेकची वही आणि खात्यातली खरी शिल्लक

आमचा छपाईचा व्यवसाय लहान होता तोवर कागद आणायचा, रोख द्यायची आणि मोकळं व्हायचं, असा हिशेब होता. कामं वाढली तसे कागदवाले, शाईवाले, मशीन दुरुस्त करणारे असे सगळेच चेक घेऊ लागले. एक गोष्ट तेव्हा ठळकपणे समोर आली. आपण चेक देतो तो दिवस आणि खात्यातून पैसे जातात तो दिवस यांत चार दिवसांचं अंतर पडतं, कधी महिन्याचंही पडतं. त्या काळात बँक दाखवते त्या रकमेतला बराचसा पैसा आपला राहिलेला नसतो.

म्हणून आम्ही दिलेल्या चेकची वही सुरू केली. तिच्यात चेकची तारीख, क्रमांक, कोणाला दिला, रक्कम, हातात दिला तो दिवस आणि वटल्याची तारीख असे रकाने आहेत. चेक फाडला की पाकिटात घालण्याआधी ओळ भरायची. वटल्याची तारीख कोरी असलेल्या रकमांची बेरीज म्हणजे आपण देऊन बसलेला, पण अजून न गेलेला पैसा.

ही वही कशी उपयोगी पडते ते एका प्रसंगावरून सांगतो. त्या दिवशी बँक ४,८०,००० शिल्लक दाखवत होती. एका कागदवाल्याने निरोप पाठवला, “दोन लाखांचा माल आजच उचला, चांगली सूट देतो.” आकडा बघून कोणीही हो म्हटलं असतं. हिशेब बघणाऱ्या ताईंनी वही उघडली. न वटलेले चार चेक होते : कागदाचा १,६५,०००, जागेच्या भाड्याचा ४५,०००, शाईचा ३८,००० आणि दुरुस्तीचा २२,५००. बेरीज २,७०,५००. शिवाय दाखवलेल्या शिल्लकीत एका गिऱ्हाइकाचा सकाळीच भरलेला ६०,००० चा चेक धरलेला होता. तो वटेपर्यंत ते पैसे वापरता येणार नव्हते. हे दोन्ही वजा केल्यावर हातात १,४९,५०० उरले. ताई म्हणाल्या, “साहेब, निम्माच माल घेऊ या.” आम्ही एक लाखाचा माल घेतला. त्या आठवड्यात चारही चेक बिनबोभाट वटले.

पुढच्या तारखेचे चेक आम्ही वेगळ्या पानावर लिहितो. ते आजच्या शिल्लकीतून वजा केले तर हातात काहीच नाही असं वाटून नको तिथे हात आखडतो, आणि वगळले तर तारीख उजाडल्यावर धावपळ होते. म्हणून दर सोमवारी त्या आठवड्यात येणारे चेक मुख्य पानावर आणतो.

रोज सकाळी बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवून वटलेल्या चेकपुढे तारीख टाकतो. क्रमांक आणि रक्कम दोन्ही जुळवतो, कारण वहीत ४५,६०० आणि चेकवर ४६,५०० असं होऊ शकतं. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर शेजारचे दोन अंक उलटे पडले असावेत, असं समजून आधी तिथेच शोधावं. महिनाअखेरीला बँकेच्या शिल्लकीतून न वटलेले चेक वजा करायचे. भरलेला चेक बँकेने अजून जमेत धरला नसेल तर तो मिळवायचा. आलेला आकडा आपल्या रोजकीर्दीशी जुळला पाहिजे. न जुळल्यास बहुतेक वेळा बँकेचं शुल्क किंवा आपोआप कापला गेलेला हप्ता निघतो. चेकच्या वहीला ही कपात दिसत नाही, त्यामुळे हप्त्यांच्या तारखा आम्ही त्याच पानाच्या तळाशी लिहून ठेवतो.

सगळ्यात जपायचे ते जुने, रेंगाळलेले चेक. दोन महिने एखादी ओळ कोरी दिसली की आम्ही थेट फोन करतो. एकदा एका पुरवठादाराने सांगितलं, “अहो, तुमचा चेक फायलीतच राहिला.” मुदत उलटली म्हणून ती रक्कम परत आपली झाली, असं धरू नये. देणं तसंच उभं असतं. जुना चेक परत मागून घ्यायचा, त्यावर ‘रद्द’ लिहायचं, वहीत त्या ओळीवर आडवी रेघ मारायची आणि मगच नवा द्यायचा. चेक हरवला असेल तर आधी बँकेला पैसे न देण्याची लेखी सूचना करायची आणि तिची पोच हातात आल्यावरच नवा लिहायचा. तोवर जुनी ओळ वजाबाकीत ठेवायची.

वर्ष बदललं तरी न वटलेल्या ओळी नव्या वहीच्या पहिल्या पानावर मूळ तारीख आणि क्रमांकासह उतरवतो. नवी तारीख टाकली तर चेक किती दिवस रेंगाळला ते कळत नाही, आणि कोणाला फोन करायचा तेही समजत नाही.