दर सांगितला, कर राहिला

«फर्निचरचं काम आहे. गिऱ्हाइकाला फोनवर खुर्चीचा आणि टेबलाचा दर सांगितला, तो जीएसटी सोडून होता. तो समजतोय की तेवढ्यातच सगळं होणार. आता फसवलं असं त्याला न वाटता हे कसं सांगायचं?»

आजच सांगा. आगाऊ रक्कम घेण्याआधी आणि लाकडाला करवत लागण्याआधी सांगा. टक्क्यांत सांगू नका, पूर्ण रुपयांत सांगा. आणि राहून गेलं ते तुमच्याकडून, हे त्याच वाक्यात मान्य करा. गिऱ्हाइकाला कराचा राग क्वचितच येतो. राग येतो तो काम सुरू झाल्यावर, माघार घेणं अवघड झाल्यावर कळल्याचा. तीच रक्कम काम सुरू होण्याआधी कळली तर तो हिशेब करतो, नंतर कळली तर आपल्याला अडकवलं असं त्याला वाटतं.

एक उदाहरण धरून चालू. म्हापशाचा कारखाना, हणजूणचं गेस्ट हाऊस, सीझनच्या आधी माल हवा. २० खुर्च्या, प्रत्येकी ४,५०० रुपये. ५ टेबलं, प्रत्येकी १२,०००. गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसलेला आकडा दीड लाख. गाडीभाडं ४,००० वेगळं पडेल, हेही त्याला माहीत आहे. म्हणजे १,५४,०००. लाकडी फर्निचरवर जीएसटी १८ टक्के. माल आणि तो पोचवणं एकाच व्यवहारात असल्यामुळे कर गाडीभाड्यावरही लागतो, हे बरेच कारखानदार विसरतात. म्हणजे कर २७,७२० आणि एकूण १,८१,७२०. गिऱ्हाइकाने धरलेल्या आकड्यात आणि खऱ्या आकड्यात जवळजवळ २८ हजारांचा फरक आहे. गेस्ट हाऊसवाल्याच्या हिशेबात एवढ्यात आणखी ५ खुर्च्या आल्या असत्या. म्हणून ‘किरकोळ फरक आहे’ असं चुकूनही म्हणू नका.

मेसेज लिहिण्यापूर्वी एक गोष्ट तपासा: तुम्हाला कर मागण्याचा हक्क आहे का? जीएसटीची नोंदणी नसेल तर गिऱ्हाइकाकडून कर घेताच येत नाही. कंपोझिशन योजनेत असाल तरी बिलात कर वेगळा लावता येत नाही, तो तुम्ही तुमच्या खिशातून भरायचा असतो. या दोन्ही प्रकारांत सांगितलेला दर हाच शेवटचा दर, विषय संपला.

हक्क असेल तर मग फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर नेमके काय शब्द वापरले होते ते आठवा, मेसेज उघडून वाचा. ‘खुर्ची साडेचार हजार’ एवढंच बोलला असाल तर अर्थ दोन्ही बाजूंनी निघतो आणि बोलणी करायला जागा आहे. पण ‘सगळं मिळून दीड लाख’ असं लिहून दिलं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: तो आकडा करासह धरा आणि फरक तुम्ही सोसा. त्याने सगळं मिळून किती ते विचारलं होतं, तुम्ही उत्तर दिलं होतं. तिथे नंतर कर जोडणं म्हणजे खरोखरच फसवणं.

सोसायचं ठरलं तर हिशेब नीट करा. दीड लाखाचे १८ टक्के, म्हणजे २७,००० वजा करणं चूक आहे. करासह रकमेतून कर काढताना १८ ने गुणून ११८ ने भागायचं. दीड लाखात कर निघतो २२,८८१ रुपये ३६ पैसे, आणि मालाची किंमत उरते १,२७,११८ रुपये ६४ पैसे. बिलावर हेच दोन आकडे वेगवेगळे दिसले पाहिजेत.

अर्थ दोन्ही बाजूंनी निघतो अशा वेळी मेसेज साधारण असा असावा:

“नमस्कार भाऊ. परवा फोनवर खुर्ची ४,५०० आणि टेबल १२,००० असा दर सांगितला. त्यात जीएसटी धरलेला नव्हता आणि ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं, माझ्याकडून राहिलं. २० खुर्च्या, ५ टेबलं आणि हणजूणपर्यंतचं गाडीभाडं मिळून १,५४,०००. त्यावर जीएसटी २७,७२०. तुम्ही द्यायची एकूण रक्कम १,८१,७२० रुपये, यापलीकडे काही लागणार नाही. लाकूड अजून कापलेलं नाही. हा आकडा बजेटात बसत नसेल तर मोकळेपणाने सांगा, नग किंवा लाकूड बदलून काय करता येईल ते बघू. संध्याकाळी फोन करतो.”

यात चूक एकदाच कबूल केली आहे, जास्त माफी मागितलेली नाही. तीन-तीन वेळा क्षमस्व लिहिलं की गिऱ्हाइकाला वाटतं, काहीतरी मोठं लपलेलं आहे. ‘यापलीकडे काही लागणार नाही’ हे वाक्य फार महत्त्वाचं आहे, कारण कर ऐकल्यावर त्याच्या मनात लगेच येतं की आता हमाली, मग पॉलिश, मग आणखी काय. अर्थात ते लिहिण्याआधी हमाली खरंच गाडीभाड्यात धरली आहे ना ते पाहा. आणि लाकूड कापलेलं नाही हे सांगितल्यामुळे त्याला नाही म्हणायची वाट उरते. तुम्ही ती वाट उघडी ठेवली की तो सहसा थांबून बोलतो.

काही वाक्यं मात्र टाळावीत. ‘जीएसटी तर असतोच ना’ म्हटलं की गिऱ्हाइकाला एवढंही कळत नाही, असा अर्थ होतो. ‘हे सरकारचं आहे, माझ्याकडे काही राहत नाही’ हे खरं असलं तरी पहिल्याच वाक्यात आलं तर हात झटकल्यासारखं वाटतं. नंतर तो विचारेल तेव्हा सांगा. अंदाजपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘कर वेगळा’ असं छापलेलं असेल, तर त्याचा फोटो काढून त्यावर लाल गोल करून पाठवू नका. तुम्ही जिंकाल, पण ऑर्डर जाईल. ‘कागदावर आहे, पण फोनवर बोलताना मी ते सांगितलं नाही’ एवढं म्हणा.

संध्याकाळी फोनवर तो म्हणेल, “पण तुम्ही तर साडेचार हजार म्हणाला होता.” त्याला उत्तर एकच: “हो, तेच म्हणालो होतो.” आणि थांबा. इथे ‘पण’ जोडला की वाद सुरू होतो. त्याचं ऐकणं बरोबर होतं, हे एकदा मान्य झालं की पुढचं बोलणं पैशांबद्दल होतं, खरेपणाबद्दल होत नाही.

पुढे तो सूट मागेल. सूट द्यायची असेल तर ती करापूर्वीच्या किमतीवर द्या आणि बिलातच दाखवा. मूळ किमतीत १०० रुपये कमी केले की गिऱ्हाइकाचे ११८ वाचतात. समजा तो म्हणाला, “एक सत्तरमध्ये बसवा.” तर १,७०,००० ला १.१८ ने भागा: १,४४,०६७ रुपये ८० पैसे. म्हणजे १,५४,००० मधून साधारण ९,९३२ रुपये सोडायचे, आणि त्याचे ११,७२० वाचतात. हे दोन्ही आकडे त्याला सांगा, त्याला तुमची बाजूही दिसते. ‘कर माफ केला’ असं मात्र म्हणू नका, कर माफ करणं तुमच्या हातात नाही. तो कदाचित म्हणेल की बिलच नको, रोख घ्या. तिथे नाही म्हणायचं, आणि कारणही सांगायचं: बिलाशिवाय माल देणं बेकायदेशीर आहे, शिवाय उद्या खुर्चीचा पाय निखळला तर कुठल्या मालाबद्दल बोलतोय हे सिद्ध करायला त्याच्याकडेही काही राहणार नाही.

गोव्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. व्यावसायिक गिऱ्हाइकाला समजवताना सर्रास म्हटलं जातं, “तुम्हाला काय, कर परत मिळतोच.” कापडाचं दुकान चालवणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला हे साधारणपणे लागू पडतं, त्याचा जीएसटी नंबर बिलावर बरोबर असला तर. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाड्याच्या खोल्यांवर कर १२ वरून ५ टक्के झाला, आणि त्याबरोबर इनपुट टॅक्स क्रेडिट बंद झालं. आपलं हणजूणचं गेस्ट हाऊस बहुधा याच गटात बसतं. म्हणजे फर्निचरवरचे २७,७२० त्याला परत मिळणार नाहीत, तो त्याचा खराखुरा खर्च आहे. पाच टक्क्यांचा कर लावणाऱ्या स्वतंत्र रेस्टॉरंटचीही हीच गत. अशा माणसाला ‘परत मिळतो’ म्हणून गप्प केलं आणि महिन्याभराने त्याच्या सीएने नाही म्हटलं, तर पहिली चूक विसरली गेली असती तीही आठवणार. तेव्हा क्रेडिटबद्दल शब्द देऊ नका. ‘खोलीचं भाडं किती त्यावर ते ठरतं, तुमच्या सीएला एकदा विचारा’ म्हणा आणि तो विचारून येईपर्यंत थांबा.

माल गोव्याबाहेर, समजा सावंतवाडीला जाणार असेल तर बिलावर सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ ऐवजी आयजीएसटी १८ दिसेल. आकडा तोच, नाव वेगळं. हेही आधी सांगून ठेवा, नाहीतर नवीन नाव बघून तो पुन्हा दचकेल.

पुढच्या वेळी दर सांगताना शेवटचा आकडा आधी म्हणा. “खुर्ची ५,३१० पडेल, त्यात ४,५०० माझे आणि ८१० जीएसटी.” घरगुती गिऱ्हाइकाला तर नुसतं ५,३१० पुरे. आकडा मोठा वाटेल म्हणून शेजारच्या कारखान्याचा दर स्वस्त दिसण्याची भीती असते, ती खोटी नाही. त्यावर इलाज एवढाच: “त्यांचा दर सगळं धरून आहे का, ते विचारून घ्या,” असं तिथल्या तिथे सांगणं.

सगळं जमलं आणि त्याने ५०,००० आगाऊ दिले, की पावतीत पुन्हा तीच गफलत शिरते. मालाच्या आगाऊ रकमेवर त्या वेळी जीएसटी भरावा लागत नाही, म्हणून पावतीवर कराचा उल्लेखच नसतो, आणि गिऱ्हाईक घरी जाऊन दीड लाखातून ५०,००० वजा करतो. पावतीवर तीन ओळी लिहा: एकूण करासह १,८१,७२०, मिळाले ५०,०००, माल पोचल्यावर द्यायचे १,३१,७२०. सूट ठरली असेल तर त्याप्रमाणे आकडे बदला, आणि सही त्याच्यासमोर करा.