बारकोडशेजारच्या पाच ओळी

माझं कथांचं पुस्तक छापायला जाण्याआधी मलपृष्ठाचा मजकूर द्यायचा होता. पाठराखण आणि लेखक परिचय, दोन्ही मीच लिहिणार होतो. मी लिहायला बसणार, तेवढ्यात मांडणी करणारा मुलगा म्हणाला, "काका, आधी बारकोड ठेवू. उरेल त्यात लिहा."

पुस्तक डेमी आकाराचं, म्हणजे मलपृष्ठ १४० बाय २१६ मिलिमीटर. चहूबाजूंनी १२ मिलिमीटर समास सोडला की मजकुराला ११६ रुंदी उरते. आयएसबीएनचा बारकोड पूर्ण आकारात साधारण ३७ बाय २६ मिलिमीटर असतो. तो ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो, पण आम्ही पूर्णच ठेवला. रेघांच्या डावी-उजवीकडची पांढरी पट्टी या मापातच धरलेली असते. ती रिकामी दिसते म्हणून तिथे अक्षरं सरकवली, तर रेघा कुठे सुरू होतात हे स्कॅनरला कळत नाही.

बारकोड उजव्या कोपऱ्यात बसवला आणि मध्ये फट सोडली, की परिचयाला सत्तरेक मिलिमीटर रुंदीच्या पाच ओळी मिळाल्या. ओळीत सहा-सात शब्द. माझ्या मसुद्यात जन्मगाव, शिक्षण, स्पर्धांतली बक्षिसं, सगळं होतं. उरलं ते एवढंच: 'एसटीत वाहक म्हणून नोकरी. त्यातली बरीच वर्षं मुक्कामी गाड्यांवर. निवृत्तीनंतर लेखन. वास्तव्य फलटण. हे पहिलंच पुस्तक.' बक्षिसं गेल्याचं थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पाठराखणीला वर भरपूर जागा होती, आणि तीच अडचण. पहिल्या मसुद्यात 'ग्रामीण वास्तवाचं विदारक चित्रण', 'वाचकाला अंतर्मुख करणाऱ्या कथा' असं बरंच होतं. पुस्तकाचं नाव बदललं तरी चालेल असा मजकूर. तो काढून एका कथेची सुरुवातच घेतली: 'मुक्कामाच्या गावी गाडी लागली. ड्रायव्हर टपावर झोपायला गेला, वाहक पैशांचा हिशेब लावत बसला, आणि शेवटच्या सीटवरची बाई उतरायचं नाव घेईना.' पुढे कथा कसल्या आहेत ते दोन वाक्यांत सांगितलं. शेवट कुठेच फोडला नाही.

मांडणीत दोन गोष्टी नडल्या. अरुंद रकान्यात दोन्ही कडा जुळवल्या, तर शब्दांमध्ये भगदाडं पडत होती. मराठी शब्द लांब, आणि ओळीअखेर तोडायची आपल्याकडे फारशी रीत नाही. म्हणून परिचय फक्त डावीकडून जुळवला. दुसरं म्हणजे 'निवृत्ती'तली पहिली वेलांटी 'न'च्या उजवीकडे जाऊन बसली होती. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये World-Ready Composer निवडल्यावर ती जागेवर आली.

बारकोड निव्वळ काळ्या शाईत ठेवला. चार शाया एकावर एक छापल्या आणि त्या जरा सरकल्या, की रेघांच्या कडा फुटतात. छापील नमुना आल्यावर मोबाइलने स्कॅन करून आकडा आतल्या श्रेयपानावरच्या आयएसबीएनशी ताडून पाहिला, मग कव्हर छपाईला सोडलं.