वाढदिवसाच्या चार ओळी आणि मेक्सिकोतला केक

बुधवार, रात्री साडेदहा, सांगली

आज दिवसभर कामापेक्षा जास्त डोकं चार ओळींनी खाल्लं. आमच्या मेक्सिकोतल्या प्लँटची प्लॅनिंगवाली, केरेतारोची, तिचा आज वाढदिवस. गेली दोन वर्षं रोज तिच्याशी मेल, आठवड्यातून दोनदा कॉल, कंटेनर अडकला की रात्री अकराला पण तीच फोन उचलणार. म्हणून सगळ्यांचं ठरलं की यंदा इंग्रजीतलं हॅपी बर्थडे नको, तिच्या भाषेत लिहू. आणि कुपवाडच्या आख्ख्या ऑफिसात स्पॅनिश थोडंफार येणारी मी एकटीच, पुण्यात असताना दीड वर्ष क्लास केलेला तेवढंच.

मराठी मजकूर डिस्पॅचच्या मामांनी आधीच कागदावर लिहून ठेवलेला. तो असा: "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा ताई! तुम्हाला उदंड आयुष्य आणि उत्तम आरोग्य लाभो. तुमच्यासारखं माणूस सोबत असलं की कामाचं ओझं वाटत नाही. आणि हो, नुसत्या थँक्यूवर सुटका नाही, पार्टी पाहिजे!" वाचून मला खरंच भरून आलं, किती मनापासून लिहिलंय, आणि वाटलं की चार वाक्यं तर आहेत, दुपारच्या चहाच्या आत होईल. कसलं काय.

पहिलीच अडचण हार्दिक. स्पॅनिशमध्ये त्याला अगदी जुळणारा शब्द आहे, कोर्दियाल, तो लॅटिनमधल्या हृदयावरूनच आलाय, म्हणजे आपल्या हार्दिकसारखाच. मी खूश होऊन तोच वापरला. पण तो शब्द तिकडं वापरून वापरून इतका थंड झालाय की ऑफिसच्या पत्राच्या शेवटी "आपला विनम्र" लिहितात ना त्या जागी तो येतो. तो टाकून शुभेच्छा लिहिल्या तर बँकेनं पाठवल्यासारख्या वाटतात. हृदय दोन्हीकडं तेच, पण आपल्याकडं हार्दिक अजून चौकातल्या फ्लेक्सवर पण चालतो आणि घरातल्या मेसेजात पण, तिकडं नाही. म्हणून हार्दिक सरळ काढून टाकलं. नुसतं फेलीस कुम्प्लेआन्योस, म्हणजे आनंदी वाढदिवस, बास. त्यांच्या कानाला त्यातच सगळा जिव्हाळा येतो.

इथं पण मी आधी चुकले. शुभेच्छा अनेकवचनी, आणि कुम्प्लेआन्योसच्या शेवटी पण स, म्हणून मी फेलीसचं पण अनेकवचन केलं, फेलीसेस. चूक. कुम्प्लेआन्योस म्हणजे "वर्षं पूर्ण करतो" असे दोन शब्द चिकटून झालेला एक शब्द, त्यातली वर्षं अनेक असली तरी वाढदिवस एकच, म्हणून फेलीस एकवचनीच राहणार.

मग तुम्ही का तू. यावर मामांशी चांगला अर्धा तास बोलणं झालं. मामांचं म्हणणं, "अगं पोरी, चाळिशीची बाई हाय, मोठ्या हुद्द्यावर हाय, तिला अरेतुरे कसं करायचं?" त्यांचं बरोबरच आहे आपल्या हिशोबानं. स्पॅनिशमध्ये पण दोन आहेत, तू आणि उस्तेद, आणि गंमत म्हणजे त्यांचा तू अगदी आपल्या तूसारखाच ऐकू येतो. उस्तेद हे "आपली कृपा" अशा अर्थाच्या जुन्या दरबारी संबोधनाचं झिजलेलं रूप, म्हणून त्याच्यासोबत क्रियापद पण तिसऱ्या माणसाचं येतं, जणू समोरच्याशी नाही, त्याच्या कृपेशी बोलतोय. पण आपलं तुम्ही आणि त्यांचं उस्तेद एका मापाचं नाही. आपण वहिनीला, मोठ्या ताईला माया असूनही तुम्ही म्हणतो. मेक्सिकोत रोजच्या सहकाऱ्याला अचानक उस्तेद केलं तर तिला वाटेल काही बिनसलं काय. बरं हे पण सगळीकडं सारखं नाही, कोलंबियात बोगोताकडं मित्र मित्र पण एकमेकांना उस्तेद म्हणतात आणि अर्जेंटिनात तू नाहीच, वोस आहे. म्हणजे माणूस कुठलं ते आधी बघायचं.

मी तिचे जुने मेल काढले. सगळीकडं तिनं मला तूच केलंय, "कशी आहेस", "मला कळव", सगळं तूच्या रूपात, आणि एकदा मामांना कॉलवर नमस्कार केला तेव्हा पण तूच. मामांना ते दाखवलं तर दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, "ती आपल्याला घरचं समजत्या म्हणायचं." हो ना मामा, तेच तर.

ताईचं मात्र काही होऊ शकलं नाही. बहीण म्हणून त्यांचा शब्द टाकला तर ती सख्खी बहीण होते नाहीतर चर्चमधली सिस्टर, आणि मॅडमसारखा सेन्योरा टाकला तर पुन्हा लांबची. शेवटी नुसतं नाव ठेवलं. मला ते थोडं लागलं, कारण मामांच्या त्या ताईमध्ये केवढी माया होती. ती माया मग दुसरीकडं कुठंतरी भरायची असं मनात ठरवलं.

उदंड आयुष्य हा सगळ्यात अवघड भाग वाटलेला आणि तोच सगळ्यात सोपा निघाला. शब्दाला शब्द ठेवला तर "दीर्घ आयुष्य" होतं आणि ते तिकडं राजाच्या नावानं घोषणा दिल्यासारखं वाटतं. पण त्यांची स्वतःची एक रीत आहे, के कुम्प्लास मुचोस मास, म्हणजे "अशीच अजून पुष्कळ वर्षं पूर्ण करो". आपण म्हणतो चाळिसावं लागलं, ते म्हणतात चाळीस पुरी केली. आणि आपलं "लाभो, मिळो, होवो" आहे ना, आशीर्वादाचं ते ओकारांती रूप, त्याची जागा तिकडं के आणि पुढं क्रियापदाचं बदललेलं रूप घेतं. साधं "तू पूर्ण करतेस" हे कुम्प्लेस, आशीर्वाद म्हणून कुम्प्लास. एका स्वराचा फरक, पण ए राहिला तर आशीर्वादच जातो, नुसती माहिती उरते.

कामाचं ओझं तर मी शब्दशः केलं आणि फसले. ओझ्याला कार्गा, कामाचं ओझं म्हणजे कार्गा दे त्राबाखो, आणि हा शब्द ती स्वतः रोजच्या प्लॅनिंग शीटमध्ये वापरते, वर्कलोड म्हणून! वाढदिवसाला वर्कलोडची आठवण कोण करून देतं. मग ते आख्खं वाक्य सोडलं आणि "तुझ्यासोबत काम करणं म्हणजे आनंद" एवढंच ठेवलं. मामांची उपमा गेली, पण अर्थ राहिला.

पार्टीचं वाक्य सगळ्यात लाडकं, ते जाऊ द्यायचं नव्हतं. पार्टी म्हणून फिएस्ता लिहिलं तर ती म्हणेल एवढी मोठी पार्टी कुठून देऊ, आपल्या "पार्टी पाहिजे"मध्ये खरं म्हणजे वडापाव नि चहा पण बसतो. म्हणून केक मागायचं ठरलं. माझ्या क्लासच्या वहीत केकला तोर्ता लिहिलेलं, आणि मी तसंच टाकून पुण्याच्या मैत्रिणीला तपासायला पाठवलं, ती तिथं स्पॅनिश शिकवते. तिचा लगेच फोन. अर्जेंटिनात तोर्ता केक असतो, पण मेक्सिकोत तोर्ता म्हणजे पावात भरून देतात ते, आपल्या सँडविचसारखं. तिथं केकला पास्तेल. स्पेनमध्ये अजून वेगळं, तार्ता.

तिनं अजून एक मोठी चूक काढली जी मला दहा वेळा वाचून दिसली नव्हती. आधी उस्तेदनं लिहून नंतर तू केल्यामुळं एक वाक्य जुनंच राहिलेलं, म्हणजे मराठीत "तुम्ही ये की जेवायला" म्हटल्यासारखं. तिनं तपासायची साधी युक्ती दिली, समोरच्याबद्दलचं प्रत्येक क्रियापद बघायचं, तू असेल तर अशा मेसेजात शेवटी स हवा. कुम्प्लास, एस्कापास म्हणजे सुटतेस, देबेस म्हणजे देणं लागतेस. जिथं स नाही तिथं उस्तेद लपलाय. माझं एक कुम्प्ला तसंच राहिलेलं.

आणि न वरची ती नागमोडी रेघ. लॅपटॉपवर मी साधा न टाईप केलेला. आन्यो म्हणजे वर्ष, रेघ राहिली की आनो, आणि त्याचा अर्थ गुदद्वार. वाढदिवसाच्या शब्दात लोक समजून घेतात म्हणे, पण सगळ्यांच्या नावानं जाणार म्हटल्यावर असं सोडायचं नाही. मोबाईलवर इंग्रजी एन दाबून धरला की येतो, उद्गारचिन्ह दाबून धरलं की उलटं पण मिळतं, विंडोजवर `Alt+164` आणि `Alt+173`. वाक्याच्या सुरुवातीचं उलटं चिन्ह चॅटमध्ये त्यांचे लोक पण सोडतात, पण आम्ही ठेवलं.

शेवटी हे गेलं, वर तिचं नाव लावून:

```
¡Feliz cumpleaños!
Que cumplas muchos más, con mucha salud.
Trabajar contigo es un gusto.
Y no te escapas con un simple "gracias":
¡nos debes pastel!
Un abrazo de parte de todos en Sangli.
```

शेवटची ओळ मी घातली. उन आब्रासो म्हणजे मिठी, आणि मामा ऐकून जरा लाजले, पण तिकडं सहकाऱ्यांना पण मेसेजच्या शेवटी असंच लिहितात, त्यात काही वावगं नाही. नुसतं सालुदोस लिहिलं असतं तर नमस्कार झाला असता. ताईची माया जायला मला तीच जागा सापडली.

पाठवायची वेळ पण मोजली. त्यांचं घड्याळ आपल्यामागं साडेअकरा तास, आणि 2022 पासून केरेतारोकडं उन्हाळ्यात घड्याळ पुढं करायचं पण बंद झालंय म्हणून वर्षभर तेवढंच. आपल्या रात्री बाराला पाठवलं असतं तर तिथं आदल्या दिवशीची दुपार असती. म्हणून संध्याकाळी साडेसहाला पाठवलं, तिथं सकाळचे सात.

साडेआठला उत्तर आलं, सगळ्यांचे आभार आणि "लेस देबो एल पास्तेल", तुमचा केक माझ्याकडं लागू. मी मामांना फोन करून वाचून दाखवलं. त्यांनी लगेच विचारलं, "हे लेस म्हंजे आदरानं बोलली का गं आता?" नाही मामा, मेक्सिकोत एकापेक्षा जास्त माणसं असली की जवळचे असोत का लांबचे, सगळ्यांना एकच उस्तेदेस, त्याचंच ते लेस. "मग बरं," म्हणाले, आणि लगेच पुढचं काम लावलं, येत्या सॅम्पलच्या पेटीतनं तिला भडंगाचं पाकीट पाठवायचं आणि वर चिठ्ठीत काय आहे ते लिहायचं. चुरमुऱ्याला आर्रोस इन्फ्लादो, फुगवलेला तांदूळ, लसणाला आखो. शेंगदाण्यापाशी थांबले, मैत्रिणीला विचारलं तर म्हणाली मेक्सिकोत काकाउआते लिही, माझ्या वहीतलं मानी तिथं चालत नाही. तिखट किती ते मात्र मामा सांगतील तसं.