पाच हजार बाकी आणि अडीच हजार व्याज: मामांचं क्रेडिट कार्ड स्टेटमेंट

घरात आकडेमोड जमणारा माणूस म्हणून माझं नाव कधी पडलं कुणास ठाऊक, पण जुलैच्या मध्यावर मामांनी व्हॉट्सअॅपवर क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "पाच हजार राहिले होते. २,९०५ रुपये जास्तीचे लावलेत. लेट फी एवढी असते का रे?"

फोटो कागदाचा होता. त्यावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा पडलेला आणि खालच्या कोपऱ्यात मामांचा अंगठा. तरी एक गोष्ट लगेच दिसली, लेट पेमेंट चार्जेससमोर शून्य होतं. मामांनी ५ जुलै या शेवटच्या तारखेलाच ४० हजारांपैकी ३५ हजार भरले होते. मिनिमम अमाउंट ड्यू जेमतेम दोन हजारांचं होतं, म्हणजे लेट फी लागायचा प्रश्नच नव्हता. जास्तीचे पैसे फायनान्स चार्जेस या ओळीत होते: २,४६२.४६, आणि खाली त्यावरचा जीएसटी ४४३.२४.

इथपर्यंत सोपं होतं. पुढे जे अडलं ते आठवलं की अजून डोकं तापतं.

मामांचा हिशेब सरळ होता. पाच हजार बाकी, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे पावणेदोनशे रुपये. मग अडीच हजार आले कुठून? स्टेटमेंटवर व्याजाचा फक्त एक आकडा छापलेला असतो. कोणत्या रकमेवर, कोणत्या तारखेपासून, किती दिवसांचं, यातलं काहीही त्या ओळीत नाही. मी फोटो मोठा करकरून पाहिला, मागच्या पानाचा फोटो मागवला, त्यावरची बारीक अक्षरं वाचली. शेवटी कस्टमर केअरला मामांना बोलायला बसवलं आणि फोन स्पीकरवर ठेवला. भरपूर वेळ संगीत ऐकवून झाल्यावर पलीकडून उत्तर आलं, "सर, ते सिस्टम जनरेटेड आहे." मामा म्हणाले, "अहो, पण सिस्टमने काय गुणिले काय केलं ते तरी सांगा!" त्यावर पुन्हा तेच. मग "वरिष्ठांकडे देतो" आणि पुन्हा संगीत. अडीच हजार रुपये घेणाऱ्याला त्याचा गुणाकार सांगता येत नाही, याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आला.

उत्तर त्या फोटोत नव्हतंच, ते आदल्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये होतं. हे लक्षात आलं तेव्हा मामांना म्हटलं, "जूनचा कागद शोधा, आणि या वेळी फोटो उजेडात, सपाट ठेवून काढा. तारखांचा कॉलम कापू नका, आणि रकमेपुढचं ते बारीक सीआरसुद्धा दिसू द्या." सीआर म्हणजे जमा. ते कापलं गेलं की भरलेली रक्कम खर्चासारखी दिसते आणि सगळा हिशेब उलटा होतो.

जूनच्या कागदावर एकच मोठा व्यवहार होता: २० मेला घेतलेला ४० हजारांचा फ्रिज. १५ जूनला त्याचं बिल बनलं, ५ जुलैपर्यंत मुदत मिळाली. ही बिनव्याजी मुदत एका अटीवर असते, बिल पूर्ण भरायचं. पूर्ण म्हणजे शेवटच्या रुपयापर्यंत. ती अट मोडली की बँक व्याज ५ जुलैपासून नव्हे, तर खरेदीच्या तारखेपासून मोजते, तेही पूर्ण ४० हजारांवर, कारण ५ जुलैपर्यंत ते सगळेच बाकी होते. शिवाय पुढच्या खरेदीवरची सवलतही जाते. मामांनी २० जूनला आणखी दहा हजारांची खरेदी केली होती. तिचं बिलसुद्धा बनलं नव्हतं, तरी तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चालू झालं.

मग मी कागद घेऊन बसलो. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के, ते ३६५ ने भागून रोजचा दर.

४० हजार, २० मे ते ५ जुलै, ४६ दिवस: २,११७.२६.
उरलेले ५ हजार, ५ ते १५ जुलै, १० दिवस: ५७.५३.
नवे १० हजार, २० जून ते १५ जुलै, २५ दिवस: २८७.६७.

बेरीज २,४६२.४६. पैशापर्यंत जुळलं! त्यावर १८ टक्के जीएसटी ४४३.२४. खरं सांगतो, त्या क्षणी व्याज लागल्याचं दुःख मला अजिबात नव्हतं. तुमचा आकडा एकदोन दिवसांच्या व्याजाने चुकला तर घाबरू नका. काही ठिकाणी खरेदीची तारीख धरतात, काही ठिकाणी ती खात्यात नोंदली गेल्याची. मागच्या पानावर ते लिहिलेलं असतं.

मामा बराच वेळ कागद बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे पाच हजार वाचवायला गेलो त्याचे हे." त्यांच्याकडे ते पैसे होते, फक्त महिनाअखेरीला हाताशी असावेत म्हणून ठेवले होते.

आता त्यांना शेवटच्या तारखेपर्यंत थांबून १७,९०५ भरायचे होते. मी थांबू दिलं नाही. बिल १५ जुलैला बनलं तरी मूळच्या १५ हजारांवर व्याजाचं मीटर रोज चालूच असतं. ४ ऑगस्टपर्यंत थांबले असते तर आणखी सुमारे ३४५ रुपये व्याज आणि वर जीएसटी. १८ जुलैलाच भरले, म्हणून पुढच्या स्टेटमेंटवर ५१.७८ व्याज आणि नऊ रुपयांच्या आसपास कर एवढंच आलं. पूर्ण भरूनही हे किरकोळ व्याज येतंच, ते आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर ऑगस्टमध्ये पुन्हा फोटो आला असता. ते भरेपर्यंत कार्ड कपाटात ठेवायला लावलं, कारण मधल्या काळातली नवी खरेदीही व्याजात सापडते.

लेट फीचं राहिलंच. स्टेटमेंटवर ती असेल तर तारखा मोजा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे मुदत उलटून तीनपेक्षा जास्त दिवस झाल्याशिवाय ती लावता येत नाही, आणि लावायची तर मुदतीनंतर जेवढं बाकी आहे तेवढ्याच रकमेवर, पूर्ण बिलावर नाही. न भरलेल्या फी आणि करांवर पुन्हा व्याजही चढवता येत नाही. यातलं काही मोडलेलं दिसलं तर फोनवर वाद घालू नका. ईमेल करा, त्यात "व्याजाचा दिवसवार हिशेब पाठवा" हे एकच वाक्य लिहा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. बँकेकडून ३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, आणि तिथे बँकेला केलेल्या लेखी तक्रारीचा पुरावा लागतो.