ऐंशी ग्रॅम कुठे गेले?

“सर, वहीच्या फोटोवरून उतरवताना एकच आकडा चुकला. आता सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही पहिल्यापासून काढायचं का?”

नाही. किती आकडे होते, जुनी उत्तरं काय होती, चुकीचा आकडा कोणता आणि बरोबर कोणता, एवढं हाती असलं की भागतं. आकडेमोड दोन ओळींची आहे. डोकं लागतं ते चुकलेला आकडा शोधायला, म्हणून आधी ते सांगतो.

समजा, देवगडच्या एका बागेत काढणीच्या दिवशी २५ हापूस एकेक करून काट्यावर ठेवले. वजनं ग्रॅममध्ये, मराठी अंकांत वहीत लिहिली आणि पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर मुलीला पाठवला. तिने उतरवून उत्तर काढलं: सरासरी २४०, प्रमाण विचलन २०. म्हणजे सगळ्यांचं मिळून ६००० ग्रॅम. बागेत मात्र तीच फळं क्रेटमध्ये भरून, रिकाम्या क्रेटचं वजन वजा करून ६०८० भरली होती.

आंब्याचं वजन आढीत घटतं, वाढत नाही. शिवाय दोन्ही वजनं एकाच दिवशीची. तेव्हा हा घोळ उतरवण्यातला. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, म्हणजे २४६ चे २६४ झाले, तर पडणाऱ्या फरकाला ९ ने नेहमी भाग जातो. ८० ला जात नाही. पण दशकस्थानच्या ९ ला कुणी १ वाचलं, तर नेमके ८० कमी होतात. घाईत काढलेले ९ आणि १ कसे दिसतात हे तुम्हाला माहीतच आहे, त्यात व्हॉट्सॲप सहसा फोटोचा दर्जा उतरवून पाठवतं.

उतरवलेल्या यादीत दशकस्थानी १ असलेले दोनच आकडे निघाले: २१० आणि २१७. इथे एक गंमत आहे. दोघांपैकी कुठलाही चुकला असला तरी सरासरी तीच येते, ६०८० भागिले २५, म्हणजे २४३.२. सरासरीला फक्त फरक कळला की पुरतं. प्रमाण विचलनाला आकडाच लागतो, कारण तो सरासरीपासून किती लांब आहे यावर सगळं ठरतं. म्हणून तिने फोन लावला.

“बाबा, तिसऱ्या ओळीतला शेवटचा आकडा वाचा बघू.”

“दोनशे नव्वद. तो देठाजवळ डाग असलेला, मोठा.”

आता आकडेमोड. पुस्तकं सगळ्या वजनांच्या वर्गांची बेरीज करायला लावतात आणि मग साडेचौदा लाखांशी झटापट होते. मी तसं करत नाही. प्रत्येक वजनातून जुनी सरासरी २४० वजा केली आहे असं धरायचं. या विचलनांची बेरीज शून्य, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज २५ गुणिले २० चा वर्ग, म्हणजे १०,०००. यातून २१० चं विचलन उणे ३०, त्याचा वर्ग ९००, काढून टाका. २९० चं अधिक ५०, त्याचा वर्ग २५००, मिळवा. झाले ११,६००. २५ ने भागले की ४६४. सरासरी ३.२ ने सरकली, म्हणून ३.२ चा वर्ग १०.२४ वजा करा. उरले ४५३.७६ आणि त्याचं वर्गमूळ २१.३. चुकलेला आकडा २१७ असता, तर याच रीतीने २२.३ आलं असतं.

मोठ्या वर्गांच्या रीतीला मी का बिचकतो तेही सांगतो. तिथे शेवटी दुरुस्त वर्गांच्या सरासरीतून, म्हणजे ५९,६०० मधून, नव्या सरासरीचा वर्ग वजा करायचा असतो. २४३.२ चा वर्ग घेतला तर उत्तर बरोबर. पण “पॉइंट दोनने काय होतंय” म्हणून २४३ धरले, की शिल्लक ५५१ उरते आणि प्रमाण विचलन २३.५ येतं. दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी अशी फसवते. पॉइंट दोनने एवढं होतं.

जुने २० आले कुठून हेही विचारून घ्या. स्प्रेडशीटमध्ये `STDEV.P` वापरलं असेल तर वरचा हिशोब लागू. `STDEV.S` असेल तर भागाकार २४ ने झालेला असतो. मग सुरुवात २४ गुणिले ४००, म्हणजे ९६०० पासून. ९०० काढून २५०० मिळवले की ११,२००, त्यातून २५ गुणिले १०.२४, म्हणजे २५६ वजा, उरले १०,९४४; त्याला २४ ने भागून ४५६, आणि वर्गमूळ २१.३५.

दुरुस्तीनंतर बेरीज ६०८० आली म्हणून यादी निर्दोष ठरत नाही. २१७ दुरुस्त केला असता तरी ती तेवढीच आली असती. एका ठिकाणी ९ चा १ आणि दुसरीकडे १ चा ९ झाला असेल, तर क्रेटचं वजनही मुकाट्याने जुळतं आणि प्रमाण विचलन मात्र चुकलेलं राहू शकतं. ते पकडायला वही समोर घेऊन एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने ताडून बघायचं, याला दुसरा इलाज नाही.