सकाळी साडेअकरापर्यंत गायब होणारं वाय-फाय

कराडच्या आमच्या घरात वीज पडण्याच्या दिवसांत फायबरचा जुना बॉक्स जळाला आणि कंपनीनं नवा बसवून दिला. त्यानंतर आईची रोजची तक्रार सुरू झाली: सकाळी वाय-फाय नसतं. सातला तिचा ऑनलाइन योगवर्ग असतो. घर जुनं, भिंती जाड दगडी, आत मोबाइलला धड रेंज मिळत नाही. म्हणजे वाय-फाय नसेल तर तिचा वर्ग बुडतोच.

तक्रार नोंदवली की कंपनीचा माणूस दुपारी यायचा. तोपर्यंत सगळं व्यवस्थित चालू असायचं. त्यानं एकदा पिवळी फायबरची वायर बदलली, एकदा बॉक्स बंद करून चालू केला. फोनवरचे लोक सांगायचे, ‘तुमची लाइन चालू दिसतेय.’ ते खरंच होतं, लाइन एक क्षणही बंद पडलेली नव्हती. बिघाड लाइनच्या अलीकडे होता आणि तो पाहायला सकाळीच तिथं असणं गरजेचं होतं. म्हणून पुण्याहून जाऊन मी मुक्काम केला.

सकाळी सातच्या पुढे आईनं हाक मारली, “बघ, आत्ता नाहीये.” मी आधी बॉक्सचे दिवे पाहिले. पॉवरचा हिरवा, फायबरची जोडणी दाखवणारा पॉनचा हिरवा आणि स्थिर, लॉसचा विझलेला. फायबर तुटली असती तर लॉसचा दिवा लाल लागला असता. फक्त डब्ल्यूलॅन लिहिलेला, म्हणजे वाय-फायचा, दिवा बंद होता. मग फोनवर वाय-फायची यादी उघडली. शेजाऱ्यांची नावं दिसत होती, आमचं नाव यादीतच नव्हतं.

इथं एक फरक ओळखावा लागतो. नाव दिसतंय, फोन जोडला जातोय, पण आत काही उघडत नाही, अशा वेळी खोट बहुतेक इंटरनेटच्या बाजूला असते. नाव मुद्दाम लपवून ठेवलेलं नसताना जवळ उभं राहूनही ते दिसत नाही आणि डब्ल्यूलॅनचा दिवाही विझलेला आहे, तर बॉक्समधला वाय-फायचा रेडिओच बंद आहे. बॉक्स जागा, फायबर जागी, फक्त हवेतून बोलणारा भाग गप्प.

याची खात्री लॅनच्या वायरनं होते. नवा बॉक्स ज्या खोक्यात आला त्यातच आखूड वायर होती. पुतण्याच्या लॅपटॉपला लॅनची खाच आहे, म्हणून त्याला म्हटलं, “याचं एक टोक बॉक्सच्या लॅन १ मध्ये घाल. शेजारची बारीक खाच टेलिफोनची आहे, ती सोड.” मग काळी खिडकी उघडून हे दोन आदेश दिले:

```
ipconfig
ping 8.8.8.8
```

पहिल्यानं Default Gateway समोर 192.168.1.1 दाखवलं, म्हणजे लॅपटॉप बॉक्सशी बोलतोय. दुसऱ्याला लगेच उत्तरं आली, म्हणजे इंटरनेटही चालू आहे. आता शोध रेडिओपुरताच उरला.

रेडिओ बंद होण्याची दोन साधी कारणं असतात. पहिलं म्हणजे बॉक्सच्या कडेचं बारीक बटण. आमच्या बॉक्सवर रेडिओ चालू-बंद करणारं डब्ल्यूलॅन आणि पासवर्ड न टाकता उपकरण जोडून देणारं डब्ल्यूपीएस अशी दोन वेगळी बटणं आहेत. काही राउटरवर दोन्ही कामं एकाच बटणावर असतात: थोडक्यात दाबलं तर डब्ल्यूपीएस, दोनेक सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरलं तर रेडिओ बंद. प्रिंटर जोडायला म्हणून कुणी ते बटण दाबून धरतं आणि घरभराचं वाय-फाय जातं. माझ्या मावशीकडे तर बॉक्स पुस्तकांच्या फळीवर सरकवताना कडेचं बटण पुस्तकाच्या पुठ्ठ्यानं दाबलं गेलं होतं. बऱ्याच बॉक्सला ही बंद अवस्था लक्षात राहते. त्यामुळे प्लग काढून पुन्हा लावला तरी रेडिओ बंदच राहतो आणि लोक बॉक्स जळाला असं समजतात. बटण पुन्हा दाबलं की दिवा लागतो, तेवढंच काम असतं.

पण बटणानं गेलेलं वाय-फाय आपोआप परत येत नाही. आमचं रोज यायचं. तरीही डब्ल्यूलॅनचं बटण दाबून पाहिलं, दिवा लागला नाही. मग बॉक्स बंद करून चालू केला आणि तेव्हा मला खरा धागा सापडला. दिवा लागला, फोनवर आमचं नाव आलं, आई टॅब घेऊन बसलीसुद्धा, आणि थोड्याच वेळात दिवा विझला, नाव गेलं. कुणीही हात न लावता रेडिओ बंद झाला होता. बॉक्सला काहीतरी कळलं आणि मग त्यानं तो बंद केला, असा तो प्रकार होता.

मी घरातल्या सगळ्यांना विचारलं, नेमकं कधी जातं, कधी येतं. आबा म्हणाले, “साडेअकराला येतं बघ. मी पेपर वाचून उठतो तेव्हा.” पुतण्या म्हणाला, “काका, रात्री कधीच जात नाही. आधी अकराला जायचं.”

आधी अकराला जायचं! भावानं जुन्या बॉक्सवर रात्री अकरा ते सकाळी सहा रेडिओ बंद ठेवण्याची वेळ लावली होती, मुलानं रात्री फोन घेऊन बसू नये म्हणून. नवा बॉक्स आल्या दिवशीच त्यानं तीच वेळ पुन्हा भरली होती. मग रात्रीचं बंद सकाळी कसं गेलं? सहाऐवजी साडेअकराला येतं, म्हणजे साडेपाच तासांचा फरक. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या वेळेपेक्षा बरोबर साडेपाच तास पुढे आहे. तो अर्धा तास ऐकल्यावर मला शंका उरली नाही.

लॅपटॉपवर 192.168.1.1 उघडलं. नाव आणि पासवर्ड बॉक्सच्या तळाच्या चिकटपट्टीवर असतो. Enable Wireless समोर खूण होती, म्हणजे बटणानं बंद केलेलं नव्हतं. Wireless Schedule मध्ये 23:00 ते 06:00, भावानं भरलं तसंच. मग वेळेचं पान उघडलं. माझ्या घड्याळात ७:४० झाले होते, बॉक्सच्या घड्याळात 02:10. Time Zone समोर GMT. बॉक्सच्या हिशेबानं मध्यरात्र उलटून दोन वाजले होते, म्हणून तो रेडिओ बंद ठेवून बसला होता. आपल्या घड्याळात सांगायचं तर रोज पहाटे साडेचारला बंद आणि साडेअकराला चालू.

बंद करून चालू केल्यावर थोडा वेळ वाय-फाय का यायचं, तेही यातूनच उलगडतं. अशा बॉक्सच्या घड्याळाला सहसा स्वतःची बॅटरी नसते. वीज गेली की वेळ पुसली जाते. पुन्हा चालू झाल्यावर तो इंटरनेटवरच्या वेळेच्या सर्व्हरला विचारतो. उत्तर येईपर्यंत आमच्या बॉक्सला वेळ माहीत नसायची, म्हणून वेळापत्रक लागू व्हायचं नाही. उत्तर आलं की रात्रीचे दोन वाजलेत असं त्याला कळायचं आणि रेडिओ जायचा.

भाऊ म्हणाला, “दादा, मग मी वेळच बदलून 17:30 ते 00:30 टाकतो. हिशेब जमतो.” हिशेब खरंच जमतो, पण मी त्याला ते करू दिलं नाही. उद्या कंपनीनं दूरवरून बॉक्सची सेटिंग बदलली आणि घड्याळ भारतीय वेळेवर आलं, तर संध्याकाळी साडेपाचला वाय-फाय जाईल, आणि तेव्हा हा जुना हिशेब कुणाच्याच लक्षात नसेल. चुकलेलं घड्याळ आहे, तेच नीट करायचं. यादीतून (GMT+05:30) Chennai, Kolkata, Mumbai, New Delhi निवडलं आणि Save केलं. बॉक्समधली वेळ माझ्या घड्याळाशी जुळली आणि थोड्याच वेळात डब्ल्यूलॅनचा दिवा लागला. वर्ग अर्धा झाला होता, पण उरलेला आईनं टॅबवर केला.

वेळेचा सर्व्हरही तपासून घेतला. तिथला पत्ता चालत नसेल तर वेळ कधी मिळतच नाही. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा भारतीय प्रमाणवेळ राखते. तिचा time.nplindia.org हा पत्ता मी दुसऱ्या जागी भरून ठेवला.

एक धोका मात्र या सगळ्यातून जात नाही. काही बॉक्स वेळ मिळाली नाही तर १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून मोजायला लागतात आणि तीच वेळ खरी धरून वेळापत्रक चालवतात. समजा संध्याकाळी सातला वीज आली, पण फायबरची लाइन अजून बंद आहे. अशा बॉक्सच्या मते आत्ता रात्रीचे बारा वाजलेत, म्हणून तो रेडिओ बंद करतो. लाइन चालू होऊन वेळ मिळेपर्यंत किंवा त्याच्या घड्याळात सकाळचे सहा वाजेपर्यंत, म्हणजे मध्यरात्री एकपर्यंत, तो तसाच राहू शकतो. कराडला पावसाळ्यात वीज जाते, म्हणून बॉक्स इन्व्हर्टरच्या प्लगवर घेतला.

सगळ्यात जास्त भीती मला सुईच्या छिद्रातल्या रीसेटची वाटत होती, कारण तसं कर असा सल्ला आबांना कुणीतरी दिला होताच. त्यानं वेळापत्रक पुसलं गेलं असतं हे खरं. पण त्याबरोबर कंपनीनं भरलेलं जोडणीचं नाव, पासवर्ड आणि व्हीलॅनचा क्रमांकही जाऊ शकतो. मग नुसता रेडिओ बंद असलेल्या घरात इंटरनेटच बंद पडतं आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत वाट पाहावी लागते.

रात्रीची वेळ ठेवायची का, यावर घरात बोलणं झालं. रेडिओ बंद झाला की सगळ्यांचाच होतो. लॅनच्या वायरवर असलेला टीव्हीचा बॉक्स चालू राहतो, पण अंगणातला वाय-फायवरचा कॅमेरा रात्रभर आंधळा होतो. आबांना ते पटलं नाही. शेवटी भावानं वेळापत्रक काढून टाकलं आणि पुतण्याचा फोन रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचं ठरलं.

आबांना मी कागदावर लिहून दिलं, पुढच्या वेळी तक्रार करताना काय सांगायचं: लॉस विझलेला, पॉन हिरवा, डब्ल्यूलॅन बंद, फोनवर नाव दिसत नाही, लॅनच्या वायरवर इंटरनेट चालतं. ‘नेट बंद आहे’ एवढंच सांगितलं की पलीकडचा माणूस लाइन तपासतो आणि ती त्याला चालू दिसते.